'इतर जे काही असेल ते': मृत्युपत्रात न लिहिलेल्या मिळकतीचं काय होतं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरचाच प्रश्न आहे, जरा लांबण लागेल.

बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर. २०१२ साली त्यांनी स्वतःच मृत्युपत्र लिहिलं, टाइप करून घेतलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. वकिलाला दाखवलं नाही, कारण 'चार ओळी लिहायला वकील कशाला'. मृत्युपत्र खरं आहे याबद्दल घरात कुणाचंच दुमत नाही. थोडक्यात त्यात असं आहे :

वाईचं राहतं घर दादाला, आईला तिथे हयातभर राहण्याचा हक्क. पुण्यातली सदनिका मला. ताईबद्दलचं वाक्य शब्दशः देतो : "घरातील भांडीकुंडी, लाकडी सामान, पुस्तके, शिवणयंत्र आणि इतर जे काही असेल ते माझ्या मुलीने घ्यावे." शिवाय पोस्टातली सगळी बचत ताईला. संपलं. खाली तारीख आणि सही.

आता या चार ओळींत न बसणाऱ्या गोष्टी निघाल्या. २०१६ मध्ये बाबांनी साताऱ्याजवळ एक प्लॉट घेतला होता, आजच्या भावाने साधारण ३२ लाखांचा. डीमॅट खात्यात ८ लाखांचे शेअर्स आहेत. पेन्शन जमा व्हायची त्या बचत खात्यात ४ लाख आहेत. मृत्युपत्रात या तिन्हींचा उल्लेखच नाही.

दादा म्हणतो, डीमॅटला आणि बँकेत नॉमिनी मी आहे, ते माझं; प्लॉटचं बघू. ताई म्हणते, 'इतर जे काही असेल ते' असं बाबांनी लिहिलंय, म्हणजे तिन्ही गोष्टी माझ्या. मी काय म्हणावं ते मला कळत नाही. आई काहीच बोलत नाही.

---

रानवारा

मृत्युपत्रात ज्याचा उल्लेख नाही ते सरकारजमा होतं असं ऐकलंय. आमच्या गावात एकाची जमीन अशीच गेली. लवकर हालचाल करा.

---

पेन्शनर बँकवाले

रानवारा, तसं काही नसतं हो. घाबरवू नका त्यांना.

मी ३४ वर्षं बँकेत काढली, तेव्हा दोन गोष्टी सांगतो. एक, मृत्युपत्र २०१२चं आणि प्लॉट २०१६चा. जी वस्तू लिहिताना अस्तित्वातच नव्हती ती मृत्युपत्रात येणार कशी? तेव्हा प्लॉटबद्दल ताईंचं म्हणणं टिकणार नाही. दोन, बचत खात्याचे पैसे बँक नॉमिनीलाच देणार, त्यात दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. आणि शेअर्सच्या बाबतीत तर नॉमिनी हाच मालक असा मुंबई हायकोर्टाचा २०१० सालचा निकाल आहे, कोकाटे खटल्यातला. त्यामुळे तुमचे दादा बरोबर आहेत.

---

वकीलीणबाई

जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते, म्हणून लिहितेय. कागद पाहिलेला नाही, तेव्हा हे मत समजा, सल्ला नव्हे.

आधी पाया. मृत्युपत्र असलं म्हणजे माणसाच्या सगळ्याच मिळकतीचा निकाल लागला असं होत नाही. जेवढ्याची व्यवस्था त्यात केली तेवढी मृत्युपत्राप्रमाणे जाते. बाकीच्या मिळकतीपुरतं मृत्युपत्र नव्हतंच असं कायदा समजतो (हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम ३). एकाच माणसाचं अर्धं मृत्युपत्राने आणि अर्धं वारसाहक्काने जाऊ शकतं, रोज जातं. हिंदू पुरुषाच्या बाबतीत ते उरलेलं १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांना समान मिळतं. सरकारजमा व्हायला कुठलाच वारस नसावा लागतो.

तुमच्याकडे पहिल्या वर्गात आई, दादा, ताई आणि तुम्ही असे चौघं. एक विचारते, बाबांची आई हयात आहे का? तीही याच वर्गात येते आणि लोक तिला हटकून विसरतात.

हे सगळं कधी, तर मृत्युपत्रात 'उरलेलं सगळं अमक्याला' असं कलम नसेल तेव्हा. ते असेल तर वारसाहक्काचा प्रश्नच येत नाही, उरलेलं सगळं त्या माणसाला जातं. तेव्हा खरा मुद्दा एकच : ताईंचं ते वाक्य असं कलम आहे का?

बँकवाले काका, तुमचा पहिला मुद्दा मात्र चुकला. उरलेल्या मिळकतीचं कलम लिहिण्याच्या दिवसाकडे बघत नाही, मृत्यूच्या दिवसाकडे बघतं. मृत्युपत्रांना लागू होणाऱ्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम १०३ खाली कायद्याने स्वतःच उदाहरण दिलंय. एकाने मृत्युपत्रात काही दानं केली आणि उरलेलं 'ब'ला दिलं. त्यातलं एक दान बेकायदेशीर म्हणून बाद झालं, दुसरं घेणारा आधीच वारला, आणि मृत्युपत्रानंतर या गृहस्थांनी एक जमीनदारी विकत घेतली. बाद झालेली दोन्ही दानंही 'ब'ला आणि जमीनदारीही 'ब'ला. तेव्हा कलम असेल तर २०१६चा प्लॉट बिनदिक्कत त्यात येतो.

कृष्णाकाठ, मला एवढं सांगा : भांड्यांचं वाक्य आधी आहे की पोस्टाच्या बचतीचं? आणि दोन्ही वेगळे परिच्छेद आहेत का?

---

कृष्णाकाठ

आजी १९९८ साली गेली.

भांड्यांचा परिच्छेद तिसरा, पोस्टाच्या बचतीचा चौथा. दोन्हींना वेगळे आकडे आहेत. पण क्रमाने काय फरक पडतो?

---

वकीलीणबाई

बराच पडतो, आणि दुर्दैवाने ताईंच्या विरुद्ध.

कलम ८३ सांगतं की मृत्युपत्रातला शब्द नेहमीपेक्षा अरुंद अर्थानेही घेता येतो आणि रुंद अर्थानेही, बाकीचा मजकूर काय सांगतो ते पाहून. त्याखालचं एक उदाहरण तुमच्या घरात बसून लिहिल्यासारखं आहे. एकाने 'ब'ला घरातलं फर्निचर, चांदीची भांडी, कापडचोपड, चिनी मातीची भांडी, पुस्तकं, चित्रं 'आणि इतर सर्व प्रकारच्या वस्तू' दिल्या. पुढे त्याच मृत्युपत्रात त्याच 'ब'ला आणखी एक ठरावीक मिळकत दिली. कायदा म्हणतो, पहिल्या वाक्याने 'ब'ला फक्त त्या यादीच्या जातीच्याच वस्तू मिळतील. कारण उघड आहे. पहिल्याच वाक्याने सगळं दिलं असतं तर नंतर वेगळं काही देण्याची गरज काय होती?

बाबांनीही परिच्छेद तीनमध्ये 'इतर जे काही असेल ते' दिलं आणि परिच्छेद चारमध्ये पोस्टाची बचत त्याच मुलीला वेगळी दिली. तीनमध्ये सगळं आलंच होतं तर चार कशाला?

त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे, मला फार आवडतं. जहाजावरचा एक खलाशी आईला सोन्याची अंगठी, बटणं आणि कपड्यांची पेटी देतो. जहाजावरच्या मित्राला आपली लाल पेटी, चाकू 'आणि आधी न दिलेलं सर्व काही' देतो. आता खलाशाचा एका घरात हिस्साही होता. तो मित्राला मिळत नाही. चाकूच्या पाठोपाठ आलेलं 'सर्व काही' चाकूच्याच पंगतीतलं.

---

चहाबाज

म्हणजे शिवणयंत्राच्या पाठीमागून प्लॉट आत शिरू शकत नाही.

(अवांतर : त्या खलाशाच्या आईला घर मिळालं का हो शेवटी?)

---

वकीलीणबाई

@चहाबाज, कायदा तेवढ्यावरच थांबतो. घराची व्यवस्था झाली नाही, म्हणजे ते वारसांना.

---

सदाशिव पेठी

मी वकील नाही, पण घरातल्या मृत्युपत्रावरून नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात, तेव्हा थोडं बोलतो.

बाईंनी एकच बाजू मांडली. कोर्ट असंही म्हणतं की माणूस मृत्युपत्र करायला बसतो तो अर्धवट सोडण्यासाठी नव्हे. दोन अर्थ निघत असतील आणि एका अर्थाने सगळ्याची व्यवस्था होत असेल, तर कल त्या अर्थाकडे असतो. आणि उरलेल्याचं कलम व्हायला ठरावीक शब्द लागतच नाहीत. कलम १०२चं पहिलं उदाहरण वाचा. एक बाई लिहिते की अंत्यविधीचा खर्च वगैरे भागून काहीतरी उरेल असं वाटतं, ते अजून शाळेत असलेल्या 'ब'ला पुढच्या व्यवसायाच्या तयारीसाठी द्यावं. इतक्या घरगुती वाक्यानेही 'ब' उरलेल्याचा धनी ठरतो. 'इतर जे काही असेल ते' हे त्यापेक्षा स्पष्टच आहे की.

बाबांनी बायकोला राहायचा हक्क, एका मुलाला घर, दुसऱ्याला फ्लॅट असं सगळं वाटलं. मुलीच्या वाट्याला मात्र भांडी आणि पोस्ट? उरलेलं तिला द्यायचं असणार असं वाटायला जागा आहे.

---

वकीलीणबाई

सदाशिवराव, मुद्दा मान्य. दुसऱ्या बाजूने उभी राहिले असते तर मीही हेच म्हटलं असतं. १०२च्या त्या बाईचं वाक्य घरगुती असलं तरी ते 'खर्च भागून जे उरेल' अशा एकूण मिळकतीबद्दल बोलतं. इथे वाक्याची सुरुवातच 'घरातील' अशी आहे आणि तो शब्द शेवटपर्यंत पसरतो की भांड्यांपाशी थांबतो, यावर दोन न्यायाधीश दोन मतं देतील. माझा कौल वारसांकडे, पण पैज लावणार नाही.

ताईंना एक सांगून ठेवा. 'बाबा मला तोंडी म्हणाले होते' याचा इथे उपयोग होणार नाही. शब्दातली संदिग्धता वरवर वाचतानाच दिसत असेल तर करणाऱ्याच्या मनात काय होतं याचा बाहेरचा पुरावा चालत नाही, कलम ८१. त्यांच्याकडे कोणती मिळकत होती, कुटुंब कसं होतं, ही परिस्थिती दाखवता येते. इच्छा मात्र कागदातूनच काढायची.

---

पेन्शनर बँकवाले

प्लॉटबद्दल सुधारणा मान्य. पण नॉमिनीचं काय? बँक दुसऱ्या कुणाला पैसे देईल का? मी स्वतः शेकडो खाती अशी बंद केली आहेत.

---

वकीलीणबाई

बँक नॉमिनीलाच देईल आणि बरोबर करेल. नॉमिनीला पैसे दिले की बँक सुटली. पण पैसे घेतले म्हणून तो मालक झाला असं होत नाही. तो ते हक्कदारांच्या वतीने धरून बसलेला असतो. तुम्ही खातं बंद करून घरी गेलात, काका, पुढचं भांडण तुमच्या काउंटरवर आलंच नाही.

शेअर्सचा तुमचा २०१०चा कोकाटे निकाल एकेकाळी होता, खरं आहे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने तो मोडीत काढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात त्यावर शिक्का मारला. शेअर्सचा नॉमिनीही वारसांना बाजूला सारून मालक होत नाही. गंमत म्हणजे ते प्रकरण या धाग्याच्याच विषयाचं आहे. २०११चं मृत्युपत्र होतं आणि भांडण होतं ते मृत्युपत्राबाहेर राहिलेल्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांवरून, ज्यांना नॉमिनी होते.

तेव्हा दादांनी शेअर्स स्वतःच्या खात्यात घ्यावेत, हरकत नाही. विकून गाडी घेऊ नये.

---

रानवारा

मूळ प्रश्नच चुकतोय असं वाटतं. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. जन्मतः सगळ्यांचा हक्क असतो. आधी हे घर वडिलोपार्जित आहे का ते बघा.

---

कृष्णाकाठ

रानवारा, आजोबांकडे काहीच नव्हतं. घर, फ्लॅट, प्लॉट सगळं बाबांच्या पगारातलं. तो प्रश्न इथे नाही.

---

रानवारा

तरी सातबारा बघून घ्या एकदा.

---

हिशेबनीस

आकडे मांडून पाहू म्हणजे भांडण किती रुपयांचं ते कळेल. ३२ + ८ + ४ = ४४ लाख. बाबांवर काही देणं होतं का?

---

कृष्णाकाठ

हो. शेवटच्या आजारपणात त्यांनी एका मित्राकडून ४ लाख हातउसने घेतले होते, चिठ्ठी आहे. दादा म्हणतो ते तिघांनी खिशातून भरू.

---

हिशेबनीस

खिशातून कशाला? वकीलीणबाई चूक असेल तर सांगतीलच, पण माझ्या समजुतीप्रमाणे देणं बाबांच्या मिळकतीतून जातं आणि आधी कुणाला न दिलेल्या मिळकतीतून. म्हणजे ४४ वजा ४, राहिले ४०.

वारसाहक्काने गेलं तर चौघांना दहा-दहा लाख. ताईंचा अर्थ बरोबर ठरला तर ताईंना चाळीसच्या चाळीस. दादांचा नॉमिनीवाला हिशेब तर आता बादच झाला. म्हणजे ताईंसाठी फरक ३० लाखांचा, आणि उरलेल्या तिघांसाठी प्रत्येकी १० लाखांचा.

दादांना आधीच घर मिळालंय, तर त्यांचा वाटा त्यातून वळता करायचा का?

---

वकीलीणबाई

हिशेब बरोबर. दिलेलं घर आणि फ्लॅट शाबूत ठेवून आधी उरलेल्यातून कर्ज फेडायचं.

वळतं करायचं नाही. लोकांना हे पटत नाही, पण मृत्युपत्राने कुणाला किती मिळालं हे उरलेल्याच्या वाटणीत मोजायची तरतूद हिंदू उत्तराधिकार कायद्यात नाही. ज्याला घर मिळालं त्यालाही चौथा हिस्सा, ज्याला शिवणयंत्र मिळालं त्यालाही चौथा. आणि ज्या आईंना मृत्युपत्रात एकही रुपया नाही, फक्त राहायचा हक्क, त्यांना इथे पूर्ण मालकीने चौथा हिस्सा मिळतो. हे आईंना कुणी सांगितलंय का?

---

माधुरी

वाचतेय सकाळपासून. माझ्या मावशीच्या बाबतीत कलम होतं, अगदी वकिलाने लिहिलेलं, तरी घोळ झाला.

मावशी बालविधवा नव्हे, पण लवकर विधवा झाली. मूलबाळ नाही. शिक्षिका होती, सगळं स्वकष्टाचं. मृत्युपत्रात दागिने मला दिले आणि "उर्वरित सर्व मिळकत माझे भाचे थोरला व धाकटा यांना निम्मी निम्मी". थोरला मावशीच्या दोन वर्षं आधी गेला. मावशीने मृत्युपत्र बदललं नाही, तिला वाटलं सगळं आता धाकट्याला जाईल. आम्हालाही तेच वाटलं. वकील म्हणाले, नाही. थोरल्याचा अर्धा हिस्सा धाकट्यालाही नाही आणि थोरल्याच्या मुलीलाही नाही. तो गेला मावशीच्या यजमानांच्या पुतण्याला, ज्याने मावशीला तीस वर्षांत पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. असं कसं होतं?

---

वकीलीणबाई

माधुरीताई, तुमच्या वकिलांनी दुर्दैवाने बरोबर सांगितलं.

एखादं साधं दान फसलं, म्हणजे घेणारा आधीच वारला, की ते उरलेल्यात जमा होतं आणि उरलेल्याचा धनी ते उचलतो. पण उरलेल्यातलाच हिस्सा फसला तर तो पडायला खाली दुसरी झोळीच नसते. कलम १०८ प्रमाणे तो व्यवस्था न केलेला समजायचा, म्हणजे पुन्हा वारसाहक्क. आणि निपुत्रिक विधवेच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, माहेरच्यांकडे नंतर. म्हणून तो पुतण्या.

'निम्मी निम्मी' या दोन शब्दांनी घात केला. 'दोघांना मिळून' असं एकत्र दिलं असतं तर एक गेल्यावर सगळं दुसऱ्याला गेलं असतं. हिस्से पाडले की प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मरतो.

थोरल्याच्या मुलीला का नाही, तर ती सवलत फक्त मृत्युपत्र करणाऱ्याच्या स्वतःच्या वंशजांसाठी आहे. मावशीचा मुलगा असा आधी गेला असता आणि त्याची मुलगी मागे असती, तर मृत्युपत्रात वेगळं काही नसताना ते दान फसलं नसतं. भाच्याला ती सवलत नाही.

---

माधुरी

मावशीला कळलं असतं तर तिने त्या पुतण्याला चहासुद्धा पाजला नसता.

---

म्हापसेकर

आमच्या गोव्यात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने जातो. मुलं असतील तर माणसाला आपल्या हिश्श्याच्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं, उरलेलं निम्मं मुलांचं ठरलेलं, ते तोडता येत नाही. आणि लग्न सर्वसाधारण पद्धतीने नोंदलेलं असेल तर नवऱ्याच्या नावावरच्या मिळकतीत अर्धी बायको आधीच मालक. तेव्हा कृष्णाकाठ गोव्याचे असते तर आईच्या वाट्याची चर्चा मृत्युपत्राच्या आधीच संपली असती. न लिहिलेल्या वस्तू शेवटी इन्व्हेंटरीच्या कज्जात येतात, सगळ्या एका यादीत. मृत्युपत्रही नोटरीपुढे करायचं असतं, घरी टाइप केलेलं कोण विचारत नाही.

---

पेन्शनर बँकवाले

मग कृष्णाकाठ यांनी सरळ प्रोबेट घ्यावं. कोर्टच एकदा सांगेल काय कुणाचं.

---

वकीलीणबाई

प्रोबेट देणारं कोर्ट फक्त एवढंच बघतं की मृत्युपत्र खरं आहे का, सही-साक्षी बरोबर आहेत का, करणारा शुद्धीत होता का. 'इतर जे काही असेल ते' म्हणजे काय, प्लॉट कुणाचा, हे ते ठरवत नाही. इथे मृत्युपत्र खोटं असं कुणी म्हणतच नाही, तेव्हा ज्या प्रश्नावर भांडण आहे तो प्रोबेट मिळूनही तसाच राहील. अर्थावर निकाल हवा असेल तर दिवाणी दावा, हक्क जाहीर करून मागण्याचा. सदाशिवरावांची नऊ वर्षं आठवा.

दुसरी वाट म्हणजे चौघांनी बसून कुटुंब व्यवस्थापत्र करणं. ताईंच्या अर्थाला थोडी जागा आहे हे इतरांनी मानायचं, जागा थोडीच आहे हे ताईंनी मानायचं, आणि दहा ते चाळीस यांच्या मधला कुठलातरी आकडा ठरवायचा. प्लॉट त्यात असल्याने ते नोंदवून घ्या. आणि त्याआधी तलाठ्याकडे घाईने एकट्या-दुकट्याचं नाव लावू नका. फेरफार झाला म्हणून मालकी ठरत नाही हे खरं, पण नंतर तो काढायला जातो वेळ.

---

सदाशिव पेठी

नऊ नव्हे, साडेनऊ. बाकी सहमत. तरी मी ताई असतो तर चाळीसवरूनच बोलणी सुरू केली असती.

---

चहाबाज

सगळं वाचून घरी गेलो आणि वडिलांचं मृत्युपत्र काढलं. शेवटची ओळ "वगैरे वगैरे सर्व मुलांनी गुण्यागोविंदाने घ्यावे". वडील हयात आहेत. वकीलीणबाई, 'वगैरे वगैरे'च्या जागी काय लिहायला सांगू?

---

वकीलीणबाई

हे साधारण असं असावं, नावं तुमची घाला :

"वर नमूद केलेल्या मिळकतींखेरीज माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीची असलेली इतर सर्व स्थावर व जंगम मिळकत, मग ती या मृत्युपत्रानंतर घेतलेली असो वा माझ्या स्मरणातून राहिलेली असो, तसेच वरीलपैकी जे दान कोणत्याही कारणाने निष्फळ ठरेल ते, माझी देणी भागवून, माझी पत्नी हिला मिळावे. ती माझ्या आधी निवर्तल्यास माझ्या मुलांपैकी जी त्या वेळी हयात असतील त्यांना समान मिळावे."

वेगळा परिच्छेद, सगळ्यात शेवटी, भांड्याकुंड्यांपासून लांब. आणि पूर्ण मृत्युपत्र पुन्हा दोन साक्षीदारांसमोर सही करून करायचं. जुन्या कागदावर नुसती पेनने खाडाखोड केली तर ती धरली जात नाही.

---

माधुरी

'जी हयात असतील त्यांना' म्हटलं तर आधी गेलेल्या मुलाच्या पोरांना काहीच नाही का?

---

वकीलीणबाई

बरोबर पकडलंत. या शब्दांनी नातवंडं बाहेर पडतात. ती यावीत असं वाटत असेल तर 'मयत मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना' ही ओळ जोडा. चहाबाज, हे वडिलांनाच विचारा, तुमच्या मनाने भरू नका.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. खलाशाची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. मग एकच विचारलं, "म्हणजे त्यातलं दहा लाख माझं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग मी ठरवीन माझं कुणाला द्यायचं ते.

शनिवारी दादा-ताई वाईला येतायत. दादाला नॉमिनीचा भाग पाठवला आहे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.